परवा ऑडिट आहे आणि किचनमध्ये झुरळ दिसलं: हॉटेल-रेस्टॉरंट मॅनेजरांचे नेहमीचे प्रश्न

नमस्कार मंडळी, आपल्या एएमसीवाल्या सगळ्या हॉटेल-रेस्टॉरंटना हा मेल जातोय. ऑडिटचं पत्र आलं की आमचा फोन वाजायला लागतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढले. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान पहिला आणि चौथा प्रश्न वाचा, बाकीचं रात्री काउंटर बंद झाल्यावर.

परवा ऑडिट आहे, आज रात्री येऊन फुल स्प्रे मारून द्याल का?

नाही. आणि हे आम्ही आळस म्हणून सांगत नाही, उलट स्प्रेचे पैसे आम्हाला सहज मिळतात. पण बाजारात जे नेहमीचे स्प्रे आहेत ना, सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन वगैरे, त्यांचा वास-स्पर्श लागला की झुरळं बिथरून बाहेर पळतात. फटीत शांत बसलेलं झुरळ स्प्रेनंतर दोन-तीन दिवस भरदिवसा भिंतीवर, कट्ट्यावर, कधीकधी तर थेट प्लेटिंगच्या टेबलावर लटपटत फिरतं. म्हणजे ऑडिटर ज्या दिवशी येणार नेमक्या त्याच दिवशी तुम्ही स्वतःहून त्यांना बाहेर काढून ठेवलं. शिवाय औषधाचा वास येत असेल तर तो माणूस पहिलाच प्रश्न विचारतो की काल काय मारलं आणि भांडी झाकली होती का.

दोन दिवस हातात असतील तर आम्ही येऊन वेगळं काम करतो. टॉर्च आणि व्हॅक्यूम घेऊन फटी, बिजागऱ्या, फ्रीजच्या मागची जागा उघडायची, जिवंत-मेलेली झुरळं आणि अंड्यांची रिकामी पाकिटं ओढून घ्यायची, काळे ठिपके पुसायचे (ती झुरळांची शी असते, ऑडिटरला ती झुरळाइतकीच बोलकी वाटते), मग जेलचे ठिपके टाकायचे आणि चिकट ट्रॅप लावायचे. दोन दिवसांत किचन झुरळमुक्त होत नाही, पण झुरळं कुठे आहेत हे माहिती आहे आणि त्या जागी काम चालू आहे एवढं नक्की दाखवता येतं.

ऑडिटर म्हणजे नक्की कोण येतो आणि पेस्टच्या बाबतीत बघतो काय?

तीन प्रकारची माणसं येतात. एक एफडीएचे फूड सेफ्टी ऑफिसर, यांना आधी कळवून यायचं बंधन नाही. दोन, हायजीन रेटिंगसाठी येणारे थर्ड पार्टी ऑडिटर, हे तारीख देऊन येतात. तीन, तुम्ही चेन किंवा स्टार हॉटेल असाल तर ब्रँडचे स्वतःचे ऑडिटर, आणि खरं सांगायचं तर चिवटपणे कोपरे हुडकणारे बहुतेक वेळा हेच असतात.

लायसन्सच्या 2011 च्या नियमांमधलं शेड्यूल 4 हा सगळ्यांचा पाया. केटरिंगच्या चेकलिस्टमध्ये पेस्टचे दोन वेगळे मुद्दे आहेत, हे बऱ्याच मॅनेजरना माहीतच नसतं. एक म्हणजे पेस्ट कंट्रोलचा कार्यक्रम आहे का, तो प्रशिक्षित माणसं करतात का, रेकॉर्ड आहे का. दुसरा म्हणजे जागेत किड्याची काही खूण दिसते का, अंडी, अळ्या, विष्ठा वगैरे. पहिला कागदावर बघतात, दुसरा जमिनीवर गुडघे टेकून. आणि मग दोन्ही जुळतात का ते बघतात, खरी गंमत तिथे होते. फाइलमध्ये सहा महिने "नो ॲक्टिव्हिटी" आणि फ्रीजच्या गॅस्केटमध्ये झुरळाची पिल्लं, असं सापडलं की मग तुमच्या तापमानाच्या रजिस्टरवर पण त्याचा विश्वास उरत नाही.

फाइलमध्ये काय काय पाहिजे?

आमचा करार, आमचं लायसन्स, वापरलेल्या औषधांची लेबलं आणि सेफ्टी डेटा शीट, प्रत्येक सर्विसचा रिपोर्ट, बेट स्टेशन-ट्रॅप-माशीच्या मशीनचा नंबरवार नकाशा आणि तुमच्या स्टाफचं पेस्ट दिसल्याचं रजिस्टर. लायसन्स म्हणजे शॉप ॲक्टचं नाही, कीटकनाशक कायदा 1968 खालचं, जे आपल्याकडे कृषी खातं देतं. ते संपलं नाहीये ना ते बघा, आमचं असलं तरी बघा, कुणाच्या शब्दावर जाऊ नका.

सगळ्यात कच्ची बाजू सर्विस रिपोर्टची असते. "जनरल स्प्रे डन, ओके" आणि खाली सही, असले रिपोर्ट आम्ही दुसऱ्यांच्या फाइलमध्ये ढिगाने बघितलेत आणि जुन्या काळात आमच्या पोरांनी पण लिहिलेत, नाकारत नाही. असा कागद असून नसल्यासारखा. रिपोर्टमध्ये कुठे काय दिसलं, कुठल्या ट्रॅपमध्ये किती, कुठलं औषध किती टक्क्याचं, नेमकं कुठे टाकलं, आणि तुमच्याकडून काय दुरुस्ती हवी हे असायला पाहिजे. शेवटचा रकाना तुम्हाला आवडत नाही हे माहितीये. पण "मोरीची जाळी तुटली आहे" असं आम्ही तीन महिने लिहितोय आणि जाळी तशीच आहे, तर ते तुमच्यावर उलटतं. जाळी बदलली की त्याच रिपोर्टवर तारीख टाकून सही करा, बिलाची झेरॉक्स मागे लावा, विषय संपला.

रजिस्टरमध्ये "झुरळ दिसलं" असं लिहिलं तर आपल्याच गळ्यात नाही का येणार?

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, म्हणून उत्तर जरा मोठ्याने देतो. कोरं रजिस्टर जास्त महागात पडतं. ऑडिटर रोज किचनं बघतो, गरम-ओल्या जागेत वर्षभर एकही किडा दिसला नाही यावर तो विश्वास ठेवत नाही, तो समजतो की इथे कुणी बघतच नाही किंवा लिहू देत नाहीत.

चांगली नोंद कशी असते ते सांगतो. "12 तारीख, रात्री 11, भांडी घासायच्या सिंकखाली एक मोठं लाल झुरळ, मारलं, पेस्टवाल्याला फोन केला." मग आमची नोंद, "13 तारीख, चेंबरचं झाकण नीट बसत नव्हतं, चेंबरमध्ये ट्रीटमेंट, झाकण बसवायला सांगितलं." मग तुमची, "15 तारीख, झाकण बदललं." तीन ओळी झाल्या आणि गोष्ट पूर्ण झाली. ऑडिटर एवढंच शोधत असतो, की दिसल्यावर तुम्ही काय करता.

आणि रजिस्टर मॅनेजरच्या केबिनमध्ये कुलपात ठेवू नका हो. भांडी घासणाऱ्या मावशींना सगळ्यात आधी दिसतं, त्यांना लिहिता येत नसेल तर त्यांनी सुपरवायझरला सांगावं आणि त्याने लिहावं. सांगितल्यावर ओरडा बसत असेल तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

दर पंधरा दिवसांनी स्प्रे होतो तरी झुरळं जात का नाहीत?

आधी झुरळ कुठलं ते बघा. बोटाच्या दोन पेरांएवढं, लालसर, मोरीतून किंवा चेंबरमधून येणारं ते अमेरिकन झुरळ, ते बाहेरचा पाहुणा आहे, जाळी-झाकण नीट केलं की निम्मं काम झालं. खरा त्रास बारक्याचा, साधारण दीड सेंटिमीटर, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. हे जर्मन झुरळ. हे किचनमध्येच जन्मतं आणि किचनमध्येच मरतं, मोरीत औषध ओतून याला काही फरक पडत नाही.

मादी अंड्यांचं पाकीट पोटाला चिकटवून तीन-चार आठवडे फिरते, एका पाकिटात तीस-चाळीस अंडी असतात, आणि फुटायच्या जरा आधी ते सोडते. पाकिटाच्या आत औषध जात नाही. म्हणजे आज कितीही मारा, पुढच्या महिन्याची पिल्लं आधीच बुक झालेली आहेत, आणि ती दोनेक महिन्यांत स्वतः अंडी घालायला तयार. भिंतीच्या कडेने मारलेला स्प्रे या झुरळापर्यंत पोचतच नाही, कारण ते दिवसभर अंगाला दोन्ही बाजूंनी घासेल अशा चिंचोळ्या फटीत बसतं. उघड्यावर फिरणारी थोडी मरतात, बाकीची पळून शेजारच्या सेक्शनला जातात, आणि तुम्हाला वाटतं औषधात पाणी घातलंय.

म्हणून जेल. फिप्रोनिल 0.05 टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड 2.15 टक्के, मुगाच्या दाण्याएवढा ठिपका, फटीच्या तोंडाशी. झुरळ ते खातं, परत जाऊन बिळात मरतं, आणि त्याची शी आणि मेलेलं अंग खाऊन पिल्लं पण मरतात. फटीत जाऊन काम करायला आमच्याकडे त्या झुरळापेक्षा चांगला माणूस नाही. फक्त एकच जेल वर्षानुवर्षं वापरलं तर ते न खाणारी झुरळं मागे उरतात, गोडाचा तिटकारा असलेली झुरळं असतात हे अभ्यासात नीट सिद्ध झालंय, म्हणून आम्ही मधेमधे जेल बदलतो. टेक्निशियनने वेगळी ट्यूब काढली तर स्वस्तातलं आणलं असं समजू नका.

एखादं खरं उदाहरण द्या ना, किती दिवस लागले वगैरे.

पुण्यातलंच एक उडुपी, नाव सांगत नाही. आधीचा पेस्टवाला पंधरा दिवसांनी इमानेइतबारे स्प्रे मारायचा, आणि गिऱ्हाइकाच्या सांबाराच्या वाटीशेजारी पिल्लू निघाल्यावर मालकांनी आम्हाला बोलावलं. पहिल्या दिवशी आम्ही काहीच मारलं नाही, मालक जरा नाराजच झाले. दहा चिकट ट्रॅप लावले आणि सकाळी मोजले. डोसा काउंटरला 31, इडली-डोश्याच्या पिठाच्या ग्राइंडरपाशी 22, काउंटरखालच्या फ्रीजपाशी 14, स्टोअरमध्ये 3, भांड्यांच्या सिंकला 2, बाकी पाच ट्रॅप कोरे. एकूण 72. म्हणजे स्प्रे सगळीकडे समान मारला जात होता आणि झुरळं मात्र तीन जागी बसलेली.

डोसा काउंटरला कुठे बसलीत ते सापडेना. टाइल ठीक, भिंत ठीक. शेवटी पोऱ्याने टेबल जरासं उचललं आणि आम्ही पायाखालून टॉर्च मारला. स्टीलच्या टेबलाचे पाय चौकोनी पोकळ पाइपचे, खालची प्लास्टिकची टोपी कधीच पडून गेलेली, आणि आत नुसती गर्दी. वरून तव्याची ऊब, खालून पाणी, पीठ सांडतंच आहे, झुरळाला यापेक्षा जास्त काय पाहिजे. ग्राइंडरमध्ये मोटरच्या कव्हरखाली होती, फ्रीजमध्ये कॉम्प्रेसरच्या ट्रेमध्ये आणि फाटलेल्या गॅस्केटमध्ये.

पायांत जेल टाकलं, आठवड्याने व्हॅक्यूम करून नवीन टोप्या ठोकल्या. आधी टोप्या ठोकल्या असत्या तर जिवंत झुरळं वरच्या जॉइंटमधून निघून दुसरीकडे गेली असती, हा क्रम महत्त्वाचा आहे. तव्याच्या अगदी जवळ जेल टाकलं नाही, उष्णतेने ते सुकून जातं आणि मग कुणी खात नाही.

दोन आठवड्यांनी आकडा 72 वरून 19 वर आला, त्यातली बहुतेक पिल्लं. मालक खूश. चौथ्या आठवड्यात फ्रीजपाशी परत 11. जेलचे ठिपके तसेच पडलेले, कुणी तोंड लावलेलं नाही. विचारत विचारत कळलं की एका पोऱ्याला रात्री दोन झुरळं दिसली म्हणून त्याने दुकानातून स्प्रेचा डबा आणून नेमका तिथेच मारला. स्प्रे पडलेलं जेल झुरळ खात नाही. जुनं जेल खरवडून काढलं, जागा साबणाने धुतली, वेगळं जेल टाकलं, गॅस्केट बदललं, आणि मालकांनी स्प्रेचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवला. आठव्या आठवड्यात दहा ट्रॅपमध्ये मिळून 2.

पुढे रेटिंगवाला ऑडिटर आला तेव्हा तो हा चार-पाच पानांचा आकड्यांचा तक्ता बराच वेळ वाचत बसला होता, चौथ्या आठवड्याच्या 11 वर बोट ठेवून "इथे काय झालं" विचारलं, मॅनेजरने जे झालं ते सांगितलं. पुढे त्याने फक्त टेबलाचे पाय उचलून बघितले.

पोरं परस्पर औषध आणून मारतात, चालतं का?

वर बघितलंतच. पण याहून गंभीर गोष्ट म्हणजे काही ठिकाणी अजून ते जुनं उग्र वासाचं डायक्लोरव्हॉस सापडतं, स्टोअरमध्ये फिनाइलच्या शेजारी, कधी पाण्याच्या बाटलीत ओतलेलं. 31 डिसेंबर 2020 पासून देशात त्यावर पूर्ण बंदी आहे. ते तुमच्या आवारात सापडणं हाच मोठा मुद्दा होतो, मारलं की नाही हा नंतरचा. लेबल नसलेल्या बाटल्या आजच शोधा, ओतून मोरीत टाकू नका, आम्हाला फोन करा, पुढे काय करायचं ते बघू.

उंदरांचं काय?

थोडक्यात सांगतो, उंदरांवर वेगळा मेल टाकीन. विषाचा बेट फक्त बाहेरच्या बाजूला, कुलूपवाल्या आणि भिंतीला-जमिनीला पक्क्या केलेल्या स्टेशनमध्ये. किचन आणि स्टोअरमध्ये फक्त ग्लू बोर्ड किंवा पिंजरा, कारण विष खाल्लेला उंदीर फॉल्स सीलिंगमध्ये मरतो आणि मग डायनिंगमध्ये आठवडाभर जो वास येतो त्याला उपाय नाही. मागच्या दाराखाली पेन्सिल आडवी सरकत असेल तर लहान उंदीर आत येतो. रबरी किंवा ब्रशची पट्टी लावून घ्या, तेवढा खर्च दरमहा आमच्यावर करण्यापेक्षा स्वस्त पडेल, हे आम्हीच सांगतोय.

माशीचं मशीन लावलंय, तरी ऑडिटरने पॉइंट काढला, का?

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. मशीन कणकेच्या किंवा सॅलडच्या टेबलाच्या डोक्यावर लावलंय, किंवा दाराकडे तोंड करून लावलंय त्यामुळे ते बाहेरच्या माश्यांना आत बोलावतंय, किंवा ट्यूब बदललेली नाही. ट्यूब निळी दिसते म्हणून चालू आहे असं वाटतं, पण आपल्याला दिसतो तो प्रकाश वेगळा आणि माशीला ओढणारा वेगळा, तो वर्षभरात बराच उतरतो. ट्यूबवर बदलल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. आणि सिंकजवळ भिंतीवर बसणाऱ्या केसाळ पंखांच्या बारीक माश्या असतील तर मशीनचा काही उपयोग नाही, त्या मोरीतल्या चिकट थरात वाढतात, ब्रशने घासूनच जातात.

सर्विसच्या रात्री आम्ही काय तयारी ठेवू?

कट्टे आणि टेबलं रिकामी, तेलकटपणा काढलेला (तेलकट थरावर जेल चिकटत नाही आणि झुरळाला जेलपेक्षा तेच तूप-तेल आवडतं), ओल्या कचऱ्याचं पिंप बाहेर, आणि किल्ल्या असलेला एक जबाबदार माणूस. स्टोअर बंद, चावी मालकांकडे, मालक गावाला, असं झालं की आम्ही रिपोर्टवर "स्टोअर तपासता आलं नाही" असंच लिहिणार. दुसऱ्या दिवशी सकाळी पोछा मारणाऱ्यांना सांगून ठेवा की बिजागऱ्यांमधले तपकिरी ठिपके पुसायचे नाहीत. दरवेळी कुणीतरी उत्साहाने पुसतंच.

नोटीस आलीच तर?

घाबरून आदल्या तारखांचे रिपोर्ट मागू नका, आम्ही देणार नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 32 खाली सुधारणा नोटीस येते, त्यात काय चुकलं आणि काय करायचं ते लिहिलेलं असतं आणि किमान 14 दिवसांची मुदत द्यावीच लागते. मुदतीत केलं नाही तर लायसन्स सस्पेंड होऊ शकतं. अस्वच्छतेसाठी कलम 56 खाली एक लाखापर्यंत दंड आहे तो वेगळा. नोटीस मिळाल्या दिवशीच आम्हाला तिचा फोटो पाठवा. 14 दिवसांत झुरळं शून्यावर आणतो असं आम्ही म्हणणार नाही, पण मुद्द्यानुसार काम, आधीचे-नंतरचे फोटो, दुरुस्तीची बिलं आणि ट्रॅपचे उतरते आकडे एवढं त्या मुदतीत नीट उभं राहतं, आणि उत्तर त्याच्यावरच लिहायचं.

सगळं केलं तरी परत येतात कुठून?

मालाबरोबर. अंड्यांचे ट्रे, कोल्ड्रिंकचे क्रेट, कांद्याची पोती, आणि मुख्य म्हणजे पुठ्ठ्याचे खोके, त्याच्या पन्हाळीदार थरात बारकी झुरळं आणि पाकिटं मजेत बसून येतात. खोके मागच्या दारातच उघडायचे, माल प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ओतायचा आणि पुठ्ठा आत येऊच द्यायचा नाही. दाराजवळ एक चिकट ट्रॅप आम्ही फुकट लावून देतो, कुठल्या सप्लायरच्या मालानंतर त्यात झुरळ सापडतं ते दोन महिने लिहून ठेवा. एका गिऱ्हाइकाकडे दर मंगळवारी सापडायची, आणि मंगळवारी फक्त अंडी यायची.